सीईटीत १४० हवेत, मग आज गणिताचे किती प्रश्न?

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची कराडला आमच्याकडे आली होती. बारावी सायन्स, पीसीएम ग्रुप. तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं मोठ्ठं लिहिलं होतं, "एमएचटी-सीईटी : १४०+". खाली वेळापत्रक. पहाटे पाच ते सात गणित, संध्याकाळी फिजिक्स, रात्री केमिस्ट्री. मी तिला एवढंच विचारलं, "उद्या रात्री झोपताना तुला कसं कळणार की १४०च्या दिशेनं तू पुढे सरकलीस की नाही?" ती म्हणाली, "चार तास पूर्ण झाले तर झालं ना, मामा!"

तिथेच गोची होती. १४० हे गुण आहेत आणि वेळापत्रकात तास लिहिलेत. तासांतून गुण आपोआप निघत नाहीत, मध्ये एक साखळी असते : गुण, त्यातून बरोबर यायला हवेत असे प्रश्न, त्यातून प्रकरणं, त्यातून आठवडा, मग दिवस. तास सगळ्यात शेवटी येतात. त्या सुट्टीत आम्ही तिची ही साखळी कागदावर बसवली. पहिल्यांदाच असा आराखडा करणाऱ्यांना कामाला यावी म्हणून ती आकड्यांसकट मांडतो.

आधी पेपर नीट बघा

पीसीएमची सीईटी २०० गुणांची. फिजिक्सचे ५० प्रश्न आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्याला वेगळी ९० मिनिटं. म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीच्या एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद, गणिताच्या एका प्रश्नाला १०८ सेकंद. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. प्रश्न साधारण ८० टक्के बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे, म्हणजे प्रत्येक विषयात दहाएक प्रश्न अकरावीचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

१४० कुठून आले?

बरीच मुलं हा आकडा वर्गातल्या कुणाचा तरी ऐकून लिहितात. भाचीनं तिला हव्या असलेल्या दोन कॉलेजांचे गेल्या दोन वर्षांचे कॅप राउंडचे कटऑफ काढले, तेही स्वतःच्या प्रवर्गातले आणि हव्या त्या शाखेचे. कटऑफ पर्सेंटाईलमध्ये असतो आणि आपल्या निकालपत्रावरही पर्सेंटाईलच येतो. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाईल त्या त्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत ठरतो, त्यामुळे अमुक गुण म्हणजे अमुक पर्सेंटाईल असं कायमचं समीकरण नसतं. तेवढ्या पर्सेंटाईलच्या दोन-तीन सीनियर मुलांना, उत्तरतालिका पाहून त्यांचे किती गुण होत होते ते विचारायचं आणि त्यातला मोठा आकडा धरायचा. तिला १३० मिळाला. त्यावर दहा गुण वाढवून १४०. परीक्षेच्या दिवशी येत असलेले प्रश्नही घाईत चुकतात. हे दहा गुण त्या चुकांसाठी राखलेले.

आज आपण कुठे आहोत : तुक्का वेगळा काढा

हे पाऊल सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि ते टाळलं की पुढचं सगळं गणित बिघडतं.

तिनं एक जुना पेपर घड्याळ लावून सलग सोडवला. फिजिक्स २२, केमिस्ट्री २६, गणिताचे २० प्रश्न बरोबर, म्हणजे ४० गुण. एकूण ८८. तिला वाटलं, चला, ५२ गुणच वाढवायचेत.

पण पेपर सोडवताना मी तिला एक सवय लावली होती. कच्च्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची. उत्तर स्वतः काढलं असेल तर बरोबरची खूण, पर्याय नुसता ठोकून दिला असेल तर फुली. गुण वजा होत नसल्यामुळे कुणीच प्रश्न सोडत नाही, आणि चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातला एक लागतो. तिच्या खुणा मोजल्या तेव्हा स्वतः सोडवून बरोबर आलेले प्रश्न असे निघाले : फिजिक्स १३, केमिस्ट्री १८, गणित १०. बाकीचे तुक्क्याचे. गणितात दहा प्रश्न खरे आणि उरलेल्या चाळिसातले दहा नशिबाचे! ८८ पैकी ३७ गुण तिचे नव्हतेच.

ती थोडी हिरमुसली, पण हा हिशेब आपल्या बाजूनंही लागू पडतो. लक्ष्याच्या गुणांतही थोडे तुक्क्याचे असणारच आहेत, त्यामुळे सगळेच प्रश्न "येणारे" असायची गरज नाही. एका विषयात ५० पैकी किती प्रश्न खरोखर यायला हवेत, हे काढायला साधं सूत्र आहे :

```
खरे प्रश्न = (हवे असलेले बरोबर प्रश्न − १२.५) ÷ ०.७५
```

१२.५ कारण ५० प्रश्न नुसते ठोकले तरी सरासरी तेवढे लागतात. ०.७५ कारण तुक्क्यातून खऱ्यात आलेला प्रत्येक प्रश्न आपल्याला पाऊण प्रश्नाचा फायदा देतो, पाव तर आधीपासून होताच.

नीट देणाऱ्यांनी हे सूत्र वापरू नये. तिथे बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, त्यामुळे तुक्क्यातून हाती जवळजवळ काहीच लागत नाही. तिथे लक्ष्याचे गुण थेट खऱ्या प्रश्नांतूनच यावे लागतात.

१४० तीन विषयांत कसे वाटायचे?

सरळ वाटणी केली तर प्रत्येक विषयात ३५ प्रश्न बरोबर हवेत : ३५, ३५ आणि गणिताचे ७०. बरोबर १४०. दिसायला सोपं आहे, पण तिची केमिस्ट्री आधीच बरी होती आणि गणित कच्चं. म्हणून आम्ही केमिस्ट्री ४०, फिजिक्स ३४ आणि गणित ३३ प्रश्न, म्हणजे ६६ गुण, अशी वाटणी केली. सूत्रात टाकल्यावर खरे प्रश्न निघाले : केमिस्ट्री ३७, फिजिक्स २९, गणित २८.

आता आजचा आकडा वजा करा. केमिस्ट्रीत १९ प्रश्न नवे यायला हवेत, फिजिक्समध्ये १६, गणितात १८. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर आले आणि "१४०+" खोडलं गेलं.

इथे एक गोष्ट पालकांसाठीही सांगतो. "गणिताला दुप्पट गुण, तेव्हा गणितच कर" हा सल्ला घरोघरी दिला जातो. दुप्पट गुण खरेच, पण एका प्रकरणामागे तास किती जातात तेही बघा. पुढे आम्ही मोजलं तेव्हा गणिताचं एक प्रकरण तिला साधारण नऊ तास घेत होतं आणि चार गुण देत होतं. केमिस्ट्रीचं प्रकरण तीन तासांच्या आत होत होतं आणि दीड गुण देत होतं. म्हणजे तासाच्या हिशेबात केमिस्ट्री मागे नव्हती, किंचित पुढेच होती. तुमच्या मुलाचे आकडे वेगळे निघतील, म्हणून दोन आठवडे मोजून मगच वाटणी पक्की करा.

प्रश्नांतून प्रकरणं

आता तीन जुने पेपर घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे त्याचं प्रकरण लिहा. दुपारभराचं काम आहे, पण दुसऱ्याच्या तयार तक्त्यावर भागवू नका. मोजता मोजता पेपरची ओळख होते.

बारावीच्या स्टेट बोर्डाच्या गणितात १५ प्रकरणं आहेत आणि त्यांच्या वाट्याला ४०च्या आसपास प्रश्न, म्हणजे सरासरी एका प्रकरणाला दोन-तीन. प्रकरण कितीही चांगलं झालं तरी त्यातले सगळे प्रश्न येतील असं धरू नका. आम्ही धरलं की पूर्ण तयार झालेलं प्रकरण तीनातले दोन प्रश्न देईल. १८ प्रश्न हवेत, म्हणजे नऊ प्रकरणं.

कुठली नऊ? ज्यात तिला आज काहीच येत नाही पण पायाचा अडथळा नाही, ती आधी. मॅट्रायसेस, व्हेक्टर्स, लाईन अँड प्लेन, प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन ही तशी. डेफिनेट इंटिग्रेशन मोहात पाडतं, पण इंडेफिनेट पक्कं नसेल तर त्याच्या नादी लागू नये. ती दोन्ही मागेपुढे लागोपाठ ठेवली. नऊपैकी दोन प्रकरणं अकरावीची घेतली, कारण अकरावी सोडून देणारा प्रत्येक विषयातले दहाएक प्रश्न आधीच गमावून बसतो. असाच हिशेब करून फिजिक्सची नऊ आणि केमिस्ट्रीची तेरा प्रकरणं निघाली. केमिस्ट्रीत प्रकरणं लहान आहेत आणि प्रश्नही कमी देतात, म्हणून संख्या जास्त.

प्रकरणांतून आठवडे

कॅलेंडर समोर घेतलं. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत २२ आठवडे. त्यातून पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल आणि बोर्डाची लेखी परीक्षा यांचे सात आठवडे वजा. त्या काळात सीईटीचा आराखडा चालू ठेवायचा नाही, बोर्डाचाच अभ्यास करायचा. शेवटचे चार आठवडे पूर्ण पेपर सोडवायला. राहिले ११.

अकरा आठवड्यांत गणिताची नऊ प्रकरणं म्हणजे आठवड्याला एक, आणि दोन आठवडे मोकळे. फिजिक्सचंही तसंच. केमिस्ट्रीला आठवड्याला एक, फक्त दोन आठवड्यांत छोटी दोन-दोन, जसं पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री एकाच आठवड्यात. मोकळे आठवडे तिनं लगेच भरायला घेतले होते. मी भरू दिले नाहीत. आजारपण, घरातलं लग्न, कॉलेजचं सबमिशन यातलं काहीतरी येणारच, आणि त्यासाठी जागा ठेवली नाही तर पहिल्याच धक्क्याला आराखडा कोसळतो.

आठवड्याचं लक्ष्य मात्र "मॅट्रायसेस पूर्ण" असं लिहायचं नाही. पूर्ण म्हणजे काय? आम्ही लिहिलं : शनिवारी मॅट्रायसेसचे न पाहिलेले २० प्रश्न, ३६ मिनिटांत, तुक्के सोडून १४ बरोबर. वीस प्रश्न गुणिले १०८ सेकंद म्हणजे बरोबर ३६ मिनिटं. आणि २० पैकी १४ म्हणजे ७० टक्के, म्हणजे आपण धरलेले तीनातले दोन. आता १४०चा धागा शनिवारच्या चाचणीपर्यंत तुटत नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या वीस प्रश्नांना १८ मिनिटं. चाचणीचे प्रश्न आठवड्याच्या सुरुवातीलाच कुणाकडून तरी वेगळे काढून घ्यावेत, मुलानं स्वतः बघू नयेत. आमच्याकडे हे काम तिच्या आईनं केलं. प्रश्नसंचात दर चौथ्या प्रश्नाला पेन्सिलनं गोल केला, ते सगळे शनिवारसाठी.

आठवड्यातून दिवस

शनिवारी १४ यायला हवेत तर सोमवार ते शुक्रवार काय लागेल, असं उलटं मोजायचं. गणिताचा तिचा आठवडा असा ठरला. सोमवारी पाठ्यपुस्तकातलं प्रकरण आणि सोडवलेली दहा उदाहरणं, उत्तर झाकून. मंगळवार, बुधवार, गुरुवार रोज २० प्रश्न. शुक्रवारी नवं काही नाही, फक्त तीन दिवसांत चुकलेले प्रश्न पुन्हा. शनिवारी चाचणी.

आता तास. सुरुवातीला गणिताच्या एका प्रश्नाला तिला चार मिनिटं लागत होती, म्हणजे वीस प्रश्नांना ८० मिनिटं आणि चुका बघायला वीस. एक तास चाळीस मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे वीस-वीस प्रश्नही रोज धरले तर एकूण साडेतीन तासांच्या आसपास जात होतं. कॉलेज, बसचा प्रवास आणि बोर्डाचा रोजचा अभ्यास जाऊन तिच्या हाती होते अडीच. बहुतेक मुलं इथे झोपेतून तास काढतात आणि दहा दिवसांत आराखडा सोडून देतात. आम्ही गणित रोज ठेवलं आणि बाकी दोन विषय एकाआड एक दिवस केले : सोमवार, बुधवार, शुक्रवार केमिस्ट्री, मंगळवार, गुरुवार, शनिवार फिजिक्स. प्रत्येकी पन्नास मिनिटं, पहिला दिवस वाचनाचा, पुढचे दोन वीस-वीस प्रश्नांचे. दोन्हींच्या चाचण्या रविवारी सकाळी. रोजचे अडीच तास, जेमतेम बसले.

एका बुधवारचं पान मी जपून ठेवलंय. त्यावर एवढंच आहे : "मॅट्रायसेस प्रश्न २१ ते ४०. इलेक्ट्रोकेमिस्ट्री प्रश्न १ ते २०. चुकलेल्यांचे नंबर : ". तासांचा उल्लेख नाही. नंबरांच्या जागी रात्री सात आकडे भरलेले. असं पान असलं की दिवस झाला की नाही, यावर स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

दिवस बुडाला तर

बुडलेला दिवस उद्यावर टाकायचा नाही. उद्या ४० प्रश्न होतात, तेही होत नाहीत, परवा ६० होतात आणि वही बंद होते. बुडलेलं काम फक्त रविवार दुपारी. दुपारीही उरलं तर मोकळ्या आठवड्यात. बाकीचे दिवस जसे ठरले तसेच चालू.

शनिवारी १४ आले नाहीत तर प्रकरण पुन्हा पहिल्यापासून करायची घाई नको. आधी चुकांपुढे कारण लिहा : सूत्र आठवलं नाही, कल्पनाच कळली नाही, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. व्हेक्टर्सच्या आठवड्यात भाचीला ९ मिळाले. अकरा प्रश्न गेले, त्यातले सात नुसते वेळ संपल्यामुळे. घड्याळ काढून सोडवल्यावर त्या सातांतले सहा आले. म्हणजे व्हेक्टर्स येत होते, वेग नव्हता. पुढचा आठवडाभर व्हेक्टर्सचे रोज १० प्रश्न, १८ मिनिटांचा गजर लावून, आणि ती मिनिटं नव्या प्रकरणाच्या सोमवारच्या वाचनातून आणि इतर दिवशी पाच-पाच प्रश्न कमी करून काढली. कल्पनाच कळली नसती तर मात्र शिक्षकांकडे बसण्यावाचून इलाज नव्हता. तिथे आणखी प्रश्न सोडवून उपयोग नसतो, चूक पक्की होते फक्त.

चार आठवड्यांनी पूर्ण पेपर

तुक्के सोडून तिचे गुण सुरुवातीला ५१ होते : १३, १८ आणि गणिताचे २०. लक्ष्यावर ते १२२ व्हायला हवेत. ११ आठवड्यांत ७१ गुण, म्हणजे आठवड्याला साडेसहा. चार आठवड्यांनी ७७च्या जवळ असायला हवं होतं. पूर्ण पेपर दिला, खुणा मोजल्या, ६८ आले. शनिवारच्या चाचण्या तर तीन वेळा पास होत्या! पेपर उलगडून बघितला तर पहिल्या आठवड्यातल्या प्रकरणांचे प्रश्न गेलेले. शनिवारी आलेलं तीन आठवड्यांत विसरलं होतं.

त्यानंतर रोजच्या पानावर एक ओळ वाढली : "जुने मिश्र ६ प्रश्न", आधीच्या प्रकरणांतून, तिन्ही विषयांचे दोन-दोन. त्यासाठी मंगळवार ते गुरुवार गणिताचे २०चे १६ केले. आराखडा करतानाच ही ओळ घालायला हवी होती, तुम्ही पहिल्या दिवसापासून घाला.

आठव्या आठवड्याच्या पेपरात तुक्के सोडून ९५ आले, हवे होते १०३. इथे दोनच रस्ते होते. रोजचे प्रश्न वाढवणं, ज्याला तिच्याकडे वेळ नव्हता, किंवा वाटणी बदलणं. गणिताचं लक्ष्य ३३ प्रश्नांवरून ३० केलं, केमिस्ट्री ४०ची ४२ केली. एकूण १३६. अजूनही १३०च्या वर. गणिताचं एक प्रकरण सोडून दिलं, डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि त्या आठवड्यात तिनं केमिस्ट्रीच्या ग्रुप १६, १७, १८च्या प्रकरणासोबत कोऑर्डिनेशन कंपाउंड्स पुन्हा केलं. वहीच्या पहिल्या पानावरचे आकडे पेन्सिलनं लिहायला लावले होते, ते याचसाठी.